चेहरा सापडला, तरी डोकं का उडतं?

एका सभासद-संस्थेने आपली ऑनलाइन यादी नव्याने मांडायला घेतली, तेव्हाचं हे प्रकरण आहे. जुन्या यादीत सभासदांचे फोटो जसे आले तसे लावलेले होते, कुणाचा उभा तर कुणाचा आडवा. नव्या मांडणीत सगळे एकाच मापाचे हवे होते: सर्व्हरवर ४०० × ४०० पिक्सेलचा चौरस, आणि पडद्यावर तो गोल खिडकीतून दिसणार, कधी ९६ पिक्सेलचा, कधी नावाशेजारी जेमतेम ३२ पिक्सेलचा. फोटो इतके होते की हाताने एकेक कापत बसण्याचा प्रश्नच नव्हता. पहिली फेरी झाल्यावर यादी उघडली, तर कुणाचं कपाळापासून वरचं सगळं गायब, कुणाच्या नुसत्या शर्टाच्या गुंड्या, आणि एका चौरसात फक्त कोपर.

त्यातला एक फोटो आपण शेवटपर्यंत सोबत ठेवू, कारण जवळजवळ प्रत्येक नियम त्याच्यावर आपटून फुटला. फोटो ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच आहे. एक बाई मध्यापासून किंचित उजवीकडे उभ्या आहेत, मांडीपर्यंत दिसतात, आणि केस डोक्यावर उंच अंबाड्यात बांधलेले आहेत. वरच्या कडेपासून मोजलं तर अंबाड्याचं टोक १५० पिक्सेलवर आहे, टाळूवरचे केस २७५ वर, डोळे ६६० वर, तोंड ८८५ वर आणि हनुवटी १००० वर. संगणकाच्या मोजणीत शून्य वरच्या कडेला असतं आणि आकडा खाली वाढत जातो, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा हिशेब सोपा आहे.

मधोमध कापल्यावर

पहिल्या फेरीचा नियम साधा होता: लहान बाजूएवढा चौरस घ्यायचा आणि तो मधोमध बसवायचा. आपल्या फोटोत रुंदी ३०००, म्हणजे उंचीतले १००० पिक्सेल जादा. त्यातले ५०० वरून गेले, ५०० खालून. वरची कात्री ५०० वर चालली आणि डोळे आहेत ६६० वर, म्हणजे ती थेट कपाळावरून गेली. वेबपेजवर `object-fit: cover` लिहिलं की ब्राउझरही हेच करतो, कारण `object-position` चं मूळ मूल्य `50% 50%` आहे. उभ्या फोटोत माणसाचं डोकं सहसा वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असतं, त्यामुळे मधोमध कापणाऱ्याच्या हाताला पोट लागतं, चेहरा लागत नाही.

मग नेहमी वरूनच चौरस घ्या, अशी सूचना आली. तिने हा फोटो वाचतो, पण डोक्यावर भरपूर आकाश सोडून काढलेल्या फोटोत माणूस तळाशी ढकलला जातो, आणि आडव्या फोटोत कडेला बसलेल्या माणसाला तर त्याचा काहीच उपयोग नाही. चेहरा कुठे आहे हे पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

जवळचे चेहरेच सापडेनात

चेहरा शोधण्यासाठी चित्रांवर काम करणाऱ्या ओपनसीव्ही या लायब्ररीतलं यूनेट हे मॉडेल घेतलं. ते हलकं आहे, साध्या सर्व्हरवर चालतं, आणि चेहऱ्याभोवतीच्या चौकटीसोबत पाच खुणा देतं: दोन डोळे, नाकाचं टोक आणि तोंडाचे दोन कोपरे. या पाच खुणा पुढे चौकटीपेक्षा जास्त कामाच्या ठरल्या.

पण सुरुवातीला निकाल उलटे आले. लांबून काढलेल्या फोटोंत चेहरा सापडायचा आणि स्टुडिओत जवळून काढलेल्या झकास फोटोंत सापडायचा नाही. कारण मॉडेलच्या घडणीत आहे. यूनेटला साधारण १० × १० ते ३०० × ३०० पिक्सेलचे चेहरे ओळखता येतील अशा पद्धतीने ते शिकवलेलं आहे. आपल्या फोटोतला चेहरा ४४० रुंद आणि ५८० उंच, म्हणजे त्या मर्यादेच्या बराच बाहेर. उपाय सोपा आहे: शोधण्यापुरती फोटोची छोटी प्रत करायची. लांब बाजू ६४० वर आणली की प्रमाण ०.१६ होतं आणि तोच चेहरा साधारण ७० × ९३ चा होतो. मिळालेले सगळे आकडे मग ०.१६ ने भागून मूळ मापात आणायचे. प्रत्येक फोटोच्या वेळी `setInputSize` ला त्या छोट्या प्रतीची खरी रुंदी-उंची द्यावी लागते, नाहीतर मॉडेल चालतच नाही.

दुसरं दुखणं फिरलेल्या फोटोंचं होतं. फोन उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आडवाच साठवला जातो, आणि ‘दाखवताना एवढा फिरवा’ ही सूचना फाइलच्या एक्झिफ नोंदीत असते. ब्राउझर ती पाळतो, म्हणून पाहणाऱ्याला काही कळत नाही. ओपनसीव्हीचं `imread` ती पाळतं. पिलो या पायथनमधल्या चित्रांच्या लायब्ररीचं `Image.open` मात्र स्वतःहून फिरवत नाही. इथे शोधायला पहिलं आणि कापायला दुसरं वापरलं होतं. म्हणजे चेहऱ्याचे आकडे उभ्या फोटोचे आणि कात्री आडव्या फोटोवर. असा दोष ओळखायची खूण अशी की बिघडलेले फोटो जवळजवळ सगळे फोनवरचे असतात आणि संगणकावर उघडून पुन्हा जतन केले की आपोआप बरे होतात. फाइल उघडल्याबरोबर, बाकी काहीही करण्याआधी, एक ओळ लिहिली की हा विषय संपतो:

```python
img = ImageOps.exif_transpose(Image.open(path))
```

चौकट चेहऱ्याची, डोक्याची नाही

आता चेहरे सापडू लागले, तरी डोकी उडतच राहिली. या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

आपल्या फोटोत यूनेटची चौकट ४२० पासून १००० पर्यंत आली. वरची रेषा केसांच्या मुळाशी, खालची हनुवटीशी. चेहरा शोधणाऱ्या मॉडेलांना शिकवताना माणसांनी चौकटी आखलेल्या असतात त्या कपाळ, गाल आणि हनुवटी धरून. केस, अंबाडा, टोपी, पगडी यांना त्यात जागा नसते. मॉडेल चुकत नाही, त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. दुसऱ्या फेरीत या चौकटीचा मध्य घेऊन तिच्या उंचीच्या १.६ पट चौरस काढला होता. मध्य ७१०, बाजू ९२८, म्हणजे वरची कड २४६ वर. टाळूवरचे केस २७५ वर असल्याने ते जेमतेम आत राहिले, अंबाडा मात्र साफ उडाला. आणि चौरसाचा मध्य चेहऱ्याच्या मध्यावर ठेवणं हेच मुळात चुकीचं होतं, कारण डोक्याचा राहिलेला भाग सगळा चौकटीच्या वर असतो, खाली काहीच नसतं.

ही अडचण जुनी आहे. फोटो कापून देणाऱ्या थंबोर या सर्व्हरच्या चेहरा शोधणाऱ्या भागात केसांसाठी म्हणून चौकट तिच्या उंचीच्या ०.१२ पट वर सरकवलेली असते. आपल्या फोटोत त्याने ७० पिक्सेल मिळाले असते, म्हणजे टाळूसुद्धा आली नसती. शिवाय चौकटीच्या उंचीवर हिशेब बांधला की तो त्या मॉडेलला बांधला जातो. ओपनसीव्हीतल्या चेहरा शोधण्याच्या जुन्या ‘हार’ पद्धतीची चौकट नेहमी चौरस असते आणि यूनेटपेक्षा वेगळी बसते. उद्या मॉडेल बदललं की सगळे गुणक पुन्हा ठरवायचे.

म्हणून मोजपट्टी चौकटीतून काढून खुणांवर आणली. चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. डोळ्यांपासून हनुवटी जेवढी खाली, तेवढीच कवटी वर. हनुवटीची खूण यूनेट देत नाही, पण डोळ्यांची रेषा आणि तोंडाची रेषा यांतलं अंतर दीडपट केलं की हनुवटी जवळपास मिळते. या अंतराला `d` म्हणू. आपल्या फोटोत `d` आहे ८८५ वजा ६६०, म्हणजे २२५. दीडपट ३३७, म्हणून हनुवटी ९९७ वर यायला हवी. प्रत्यक्षात आहे १००० वर. कवटीचा माथा ६६० वजा ३३७, म्हणजे ३२३ वर, आणि केसांची जाडी धरून दिसणारी टाळू २७५ वर. इतका नेमका मेळ प्रत्येक फोटोत बसत नाही, पण कात्री चालवायला तेवढा नेमकेपणा लागतही नाही.

शेवटी ठरलेला नियम असा: डोळ्यांच्या रेषेपासून २.५ `d` वर आणि ३ `d` खाली. बाजू ५.५ `d`. आपल्या फोटोत वरची कड ९७ वर आली, बाजू १२३७. अंबाडा आत आला आणि त्यावर थोडी हवाही राहिली. हनुवटीखाली खांद्यांची सुरुवात दिसते, आणि चेहरा चौरसाच्या उंचीच्या साधारण ४७ टक्के भरतो.

गोल खिडकीचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण चौरसात मावलेलं डोकं गोलात मावेलच असं नाही. चौरसात बसवलेलं वर्तुळ त्याचं जवळजवळ २१.५ टक्के क्षेत्र चार कोपऱ्यांत सोडून देतं. वरच्या कडेपासून बाजूच्या `t` इतक्या हिश्श्यावर वर्तुळाची रुंदी `2*sqrt(t*(1-t))` पट असते. अंबाड्याचं टोक बाजूच्या ४.३ टक्क्यांवर आहे, तिथे वर्तुळ जवळपास ५०० पिक्सेल रुंद आहे. अंबाडा दोनशेच्या आसपास, म्हणजे निभावतो. पण याच उंचीवर रुंद टोपी असती तर तिच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या असत्या. म्हणून तपासणीला नेहमी गोल मुखवटा लावूनच फोटो पाहावेत.

अडीच कुठून आले

हा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठेवलेला नाही. यादीतले वेगवेगळ्या तऱ्हेचे थोडे फोटो निवडले आणि प्रत्येकावर डोक्याचं खरं, दिसणारं टोक हाताने टिंब देऊन नोंदवलं: टक्कल, आखूड केस, कुरळ्या केसांचा मोठा घेर, अंबाडा, टोपी, पगडी, लहान मुलं. मग प्रत्येकासाठी डोळ्यांपासून त्या टोकापर्यंतचं अंतर `d` ने भागलं. टक्कल असलेला माणूस दीडच्या आसपास येतो, आखूड केसांचा त्याच्या थोडा वर, घनदाट कुरळे केस दोनच्या पुढे. आपला अंबाडा २.२७. लहान बाळांचा आकडा केस नसतानाही मोठा येतो, कारण त्यांची कवटी चेहऱ्याच्या मानाने मोठी असते आणि डोळे डोक्याच्या मध्याच्या खाली असतात.

इथे सरासरी काढायचा मोह होतो. सरासरी घेतली की साधारण अर्ध्या लोकांची डोकी त्या रेषेच्या वर असतात, म्हणजे नियमच डोकी उडवायला बसला. जागा सोडायची ती उंच टोकाकडच्या लोकांकडे पाहून. टक्कल असलेल्या माणसाच्या डोक्यावर थोडी जास्त हवा राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. अंबाडा कापला तर तो सगळ्यांना दिसतो.

मान वळली, झुकली, कलली

`d` हे अंतर माणूस समोर पाहत असेल तेव्हाच खरं. मान खाली घातली की डोळे आणि तोंड कॅमेऱ्याला एकमेकांच्या जवळ दिसू लागतात, `d` आखडतं आणि चौरसही आखडतो. नेमकं त्याच वेळी टाळू जास्त दिसत असते, म्हणून कापली जाते तीच. यावर उतारा दोन डोळ्यांमधल्या अंतराचा. मान खाली गेली तरी ते बदलत नाही. उलट चेहरा बाजूला वळला की ते आखडतं आणि डोळे-तोंड अंतर टिकतं. समोरून पाहिलं तर डोळ्यांमधल्या अंतराची सुमारे १.१५ पट म्हणजे `d`. म्हणून दोन्ही मोजायचे आणि मोठं ते घ्यायचं. एकाच वेळी मान वळलेली आणि झुकलेली असेल तर दोन्ही आखडतात. असे फोटो वेगळे काढून माणसाने पाहिलेले बरे.

मान खांद्याकडे कलली असेल तर काळजी एवढीच की अंतर तिरकं मोजायला हवं. नुसत्या उभ्या आकड्यांची वजाबाकी केली तर ३० अंश कललेल्या डोक्याचं `d` खऱ्याच्या ०.८७ पट भरतं. दोन बिंदूंमधलं सरळ अंतर, `math.hypot`, घेतलं की झालं. डोळे डोक्याच्या मध्यापाशी असल्याने डोकं कललं तरी ते त्यांच्याभोवतीच फिरतं आणि गोलातून फारसं बाहेर जात नाही.

कडेला जागा नसते तेव्हा

सेल्फीत बहुतेकदा डोक्यावर जागाच नसते. समजा डोळे ३०० वर आहेत आणि `d` १६० आहे. वरची कड येते −१००, म्हणजे फोटोच्या बाहेर. अशा वेळी चौरस लहान करायचा नाही, खाली सरकवायचा. वरची कड शून्यावर येते, डोळे चौरसाच्या ३४ टक्क्यांवर जातात, चित्र थोडं वर लागल्यासारखं दिसतं, पण फोटोत जेवढं डोकं होतं तेवढं सगळं मिळतं.

चौरस फोटोपेक्षाच मोठा निघाला तर मात्र तो आधी लहान करावा लागतो आणि मग सरकवावा लागतो. आडव्या फोटोत यात धोका नाही, कारण पूर्ण उंची तशीच राहते. धोका असतो अरुंद, उंच फोटोत जवळून आलेल्या चेहऱ्याला. ९०० × १६०० च्या फोटोत `d` २६० असेल तर हवा असलेला चौरस १४३० चा, आणि मिळतो ९०० चा. नेहमीच्या प्रमाणात डोळ्यांच्या वर ४०९ पिक्सेल राहतील, म्हणजे १.५७ `d`. त्यात कवटी मावते, केस मावत नाहीत. खाली मात्र हनुवटीनंतर शंभर पिक्सेल रिकामे पडलेले असतात. तेव्हा खांद्यांवर पाणी सोडून ती जागा वर द्यायची. सगळा हिशेब मिळून एवढाच:

```python
def avatar_box(cx, ey, d, W, H, out=400):
    side = int(min(max(5.5 * d, out), W, H))
    up = max(0.455 * side, min(2.5 * d, side - 1.7 * d))
    left = int(max(0, min(cx - side / 2, W - side)))
    top = int(max(0, min(ey - up, H - side)))
    return left, top, side
```

`cx` हा चेहऱ्याच्या चौकटीचा आडवा मध्य, `ey` ही डोळ्यांची रेषा. आपल्या फोटोत मध्य १७०० वर आहे आणि उत्तर येतं १०८१, ९७, १२३७. अरुंद फोटोत `up` ४५८ होतं, म्हणजे १.७६ `d`, आणि आखूड केसांचा माणूस बचावतो.

फोटोच्या कडेवर मूळ छायाचित्रकारानेच डोकं कापलेलं असेल तर कुठलंही गणित ते परत आणत नाही. धूसर पट्टी लावून किंवा कड ताणून जागा भरण्याचे प्रयोग मला आवडत नाहीत. ३२ पिक्सेलला ते डाग वाटतात. फोटो आहे तसा ठेवावा.

कोडमधला `out` लांबून काढलेल्या फोटोंसाठी आहे. चेहरा इतका लहान असेल की ५.५ `d` म्हणजे ११० पिक्सेल, तर तेवढाच तुकडा ४०० वर ताणल्यावर चेहऱ्याचा लगदा होतो. त्यापेक्षा ४०० पिक्सेलचा खरा तुकडा घ्यावा आणि माणूस लहान दिसू द्यावा.

दोन चेहरे, किंवा एकही नाही

एकाहून जास्त चेहरे निघाले की सर्वांत मोठा आणि मध्याच्या जवळचा घ्यायचा, हे बहुतेक वेळा चालतं. मागच्या भिंतीवरचं पोस्टर आणि टी-शर्टवर छापलेला चेहरा हे ठरलेले पाहुणे; ते सहसा लहान असतात. पण दोन चेहरे जवळपास सारखे मोठे असतील तर यंत्राने ठरवू नये. सभासद कोण आणि शेजारी कोण हे फोटोत लिहिलेलं नसतं, आणि चुकीच्या माणसाचा चेहरा लागणं हे डोकं कापण्यापेक्षा वाईट. असे फोटो सभासदाकडेच निवडीसाठी पाठवले.

चेहरा मुळीच सापडला नाही तर मधोमध परत जायचं नाही. उभ्या फोटोत जादा उंचीचा फक्त दहावा हिस्सा वरून आणि बाकीचा खालून काढायचा. आपल्या फोटोत म्हणजे वरची कड १०० वर, आणि अंबाडा इथेही वाचतो. ब्राउझरमध्ये याचंच रूप `object-position: 50% 10%`.

चेहरा न शोधता नुसता ‘लक्ष वेधणारा’ भाग कापण्याच्या पद्धतीही तयार मिळतात. शार्प या लायब्ररीतली `attention` पद्धत बारीक तपशील, भडक रंग आणि त्वचेचा रंग पाहून जागा निवडते. निसर्गदृश्याला ती चांगली आहे, पण भडक नक्षीच्या शर्टापुढे चेहरा हरतो. ट्विटरने २०१८ मध्ये फोटोंच्या झलकेसाठी असंच लक्षवेधी भाग ओळखणारं मॉडेल आणलं, २०२० मध्ये ते गोऱ्या चेहऱ्यांना झुकतं माप देतं अशी उदाहरणं लोकांनी समोर ठेवली, आणि २०२१ मध्ये स्वतःच्या तपासणीत फरक दिसल्याचं सांगून कंपनीने अशा आपोआप कापण्यातून माघार घेतली. चेहरा शोधणारी मॉडेलंही यातून सुटलेली नाहीत. कमी उजेडात गडद त्वचेचा चेहरा सापडला नाही तर तो माणूस गुपचूप दहा टक्क्यांच्या नियमात जातो आणि त्याचाच फोटो वाईट कापला जातो. म्हणून ‘चेहरा सापडला नाही’ हा ढीग वेगळा पसरून, त्यात कोण लोक जमा झालेत, हे डोळ्यांनी पाहिलं.

तपासणी

कापलेल्या फोटोवर पुन्हा चेहरा शोधायचा आणि सापडला की फोटो पास, अशी एक तपासणी सुचवली गेली होती. ती निरुपयोगी आहे. दुसऱ्या फेरीतल्या, अंबाडा उडालेल्या फोटोतही चेहरा उत्तम सापडतो. कपाळावरून कापलेला चेहरासुद्धा पुष्कळदा सापडतो. त्याऐवजी प्रत्येक फोटोसोबत तीन गोष्टी नोंदवल्या: चौरस कडेला टेकला का, तो लहान करावा लागला का, आणि मॉडेलने दिलेला विश्वासाचा गुण किती. मग गोल मुखवटा लावलेल्या छोट्या चित्रांचे मोठे तक्ते केले आणि संशयित फोटो सगळ्यात वर आणले. माणसाची नजर अशा तक्त्यावरून फार वेगाने फिरते. उडालेलं डोकं शोधावं लागत नाही, ते खुपतं.

सर्व्हरवर मूळ फोटो आणि चौरसाचे तीन आकडे वेगवेगळे ठेवले, कापलेलं चित्र त्यावरून केव्हाही पुन्हा करता येतं. पहिल्या फेरीतल्या काही फोटोंची मूळ प्रत ठेवलेली नव्हती. त्यांची कपाळं गेली ती गेली, नवा फोटो मागण्यावाचून इलाज उरला नाही. चेहऱ्याच्या खुणा मात्र साठवल्या नाहीत. कोण आहे हे ओळखायचं नव्हतं, फक्त कुठे आहे एवढंच हवं होतं. फोटो कुठे काढला याची एक्झिफमधली नोंदही फिरवण्याची सूचना वाचून झाल्यावर काढून टाकली. सभासदाला स्वतःचा चौरस बोटाने सरकवायची सोय दिली, आणि एकदा त्याने सरकवला की यंत्राने त्याला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरलं.

उंच टोप्या या सगळ्यातूनही सुटतात. एका फोटोत टोपीचं टोक डोळ्यांपासून ३.४ `d` वर होतं. वरची जागा अडीचवरून साडेतीन करावी का, यावर बराच वाद झाला. केली तर बाजू ६.५ `d` होते आणि चेहरा ४७ टक्क्यांवरून ४० वर येतो. ३२ पिक्सेलच्या गोलात तो १५ पिक्सेलचा १३ होतो, आणि तोही सगळ्यांचा, टोपी नसलेल्यांचाही. अडीचच ठेवायचं ठरलं. त्या टोपीवाल्या सभासदाचा चौरस हाताने मोठा करून दिला.